उसापासून साखर, पॅसिव्ह व्हॉइसमध्ये

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत अकॅडेमिक रायटिंगचा टास्क वन, म्हणजे दिलेल्या चित्राचं वर्णन लिहायचा प्रश्न, म्हटलं की सगळे ग्राफ आणि पाय चार्टच्या मागे लागतात, प्रोसेस डायग्राम किंवा मॅप येतो कमी वेळा, त्यामुळे तो बहुतेक जण ऑप्शनला टाकतात. मी नर्स आहे, यूकेला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला ॲकॅडेमिकच्या लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये 7 लागतात आणि रायटिंगमध्ये 6.5. टास्क वनला 150 शब्द आणि साधारण 20 मिनिटं, टास्क टूला 250 शब्द आणि 40 मिनिटं, आणि टूचं वजन वनच्या दुप्पट. म्हणजे टास्क वन हा रायटिंगचा एक तृतीयांश भाग झाला, आणि ज्याला 6 आणि 6.5 च्या मधल्या पायरीवरच अडकायला होतं त्याला हा एक तृतीयांश सोडून चालत नाही.

आमचे क्लासचे सर रिटायर्ड प्रोफेसर. समोर बसलेल्यांपैकी निम्मे साखरपट्ट्यातले हे बघून त्यांनी छापील पेपरातला डायग्राम न घेता फळ्यावर स्वतःच एक काढला, उसापासून साखर कशी बनते त्याचा. डावीकडे उसाचं शेत, खाली लिहिलेलं 12 ते 18 महिने. मग तोडणीची दोन चित्रं, एकात कोयतावाला माणूस, दुसऱ्यात मशीन. मग ट्रक, मग रोलर. रोलरपासून दोन बाण, एक रसाचा, एक चिपाडाचा. चिपाडाचा बाण बॉयलरकडे, आणि बॉयलरपासून वाफेचा एक बाण वळसा घालून पुढच्या इव्हॅपोरेटरला जाऊन मिळतो. रसाचा बाण एका टाकीत, तिथं वरून चुना पडतोय, खालून आच, तळाला गाळ आणि गाळाचा एक बाण बाहेर. मग इव्हॅपोरेटर, मग साखर धरते तो पॅन, मग सेंट्रिफ्यूज, त्यातून मोलॅसिस एका बाजूला, साखर दुसऱ्या बाजूला, शेवटी ड्रायर आणि पोतं.

सर म्हणाले, पेन खाली ठेवा, आधी बाण मोजा. आम्ही डबे मोजायला लागलो होतो. ते म्हणाले डबे नका मोजू, डब्यावर नाव लिहिलेलंच असतं, ते कुणीही वाचेल, लिहिताना गोची होते ती बाणांमुळे. कुठं एकाचे दोन होतात, कुठं दोनाचा एक होतो, कुठला बाण उलटा किंवा आडवा जातो ते शोधा. आमच्या डायग्राममध्ये हे असं निघालं की तोडणीला दोन पर्याय आहेत पण दोन्ही परत एकाच ट्रकला मिळतात, रोलरला खरीखुरी फाटाफूट आहे, वाफेचा बाण पुढे उडी मारतो, टाकीतून गाळाचा बाण बाहेर पडतो, आणि सेंट्रिफ्यूजला परत फाटाफूट. बाकी सगळं सरळ रेषेत. एवढं कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायला तीनेक मिनिटं जातात आणि ती द्यावीत असं माझं ठाम मत आहे, कारण पुढे कुठं जोडशब्द लागणार आणि कुठं नवीन पॅरा सुरू करायचा हे सगळं त्यातच ठरून जातं.

घरी आले तर तो कागद आप्पांनी बघितला. आप्पा साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे पाक उकळून त्यात साखरेचा दाणा धरतो का नाही ते बघायचं काम, उभी हयात त्यात गेली. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये कुणी काढलंय? गंधकाचा धूर कुठाय? व्हॅक्यूम कुठाय? पॅनात ग्रेन धरल्याशिवाय साखर हुतीया व्हय?" बरोबर आहे त्यांचं, आपल्याकडच्या पांढऱ्या साखरेला रसातून गंधकाचा वायू सोडतात, आणि पॅनमध्ये हवा ओढून घेऊन कमी तापमानाला उकळतात, नाहीतर साखर करपून काळी पडेल. रसातला गाळ म्हणजे प्रेसमड शेतात जातं, मोलॅसिसपासून स्पिरिट बनतं, हेही लहानपणापासून बघितलेलं.

पण यातलं एकही वाक्य उत्तरात घालायचं नाही. प्रश्नात स्पष्ट लिहिलेलं असतं की दिलेल्या माहितीतली मुख्य वैशिष्ट्यं निवडून सांगा आणि जिथं लागू असेल तिथं तुलना करा. चित्रात गंधक नाही म्हणजे उत्तरात गंधक नाही. ज्याला प्रक्रिया माहीत असते त्याच्यासाठी हे जास्त अवघड, कारण हात आपोआप लिहीत सुटतो. मी आप्पांना सांगितलं की हे साखरेचं नाही, चित्राचं वर्णन आहे, तर ते म्हणाले मग चित्र तरी नीट काढायचं. असो.

पहिलं वाक्य म्हणजे प्रश्नातलं वाक्य स्वतःच्या शब्दांत. प्रश्नात होतं "द डायग्राम बिलो शोज द प्रोसेस ऑफ मेकिंग शुगर फ्रॉम शुगरकेन". जसंच्या तसं उतरवलं तर ते शब्द धरत नाहीत. आम्ही लिहिलं "द डायग्राम इलस्ट्रेट्स हाऊ शुगर इज प्रोड्यूस्ड फ्रॉम शुगरकेन", म्हणजे नाम होतं तिथं क्रियापद केलं, काम झालं, यात जास्त डोकं घालू नये.

डोकं घालायचं ते ओव्हरव्ह्यूमध्ये. बँड डिस्क्रिप्टर्स म्हणजे परीक्षक ज्यावरून मार्क देतात तो तक्ता, तो सगळ्यांना वाचायला मिळतो, त्यात बँड 5 ला म्हटलंय की तपशील बहुतेक यांत्रिकपणे सांगितलाय, आणि बँड 7 ला स्पष्ट ओव्हरव्ह्यू पाहिजे. ग्राफला ओव्हरव्ह्यू सोपा, काय वाढलं काय कमी झालं ते सांगायचं. प्रोसेसला काय सांगायचं? क्लासमधली बहुतेक जण लिहीत होती की या प्रक्रियेत इतक्या स्टेप्स आहेत. हे चुकीचं नाही पण पोकळ आहे, नुसती संख्या सांगून त्या प्रक्रियेचा चेहरा दिसत नाही. चेहरा दिसतो त्या बाणांच्या यादीतून. मी लिहिलेलं वाक्य असं, "ओव्हरऑल, धिस इज अ लार्जली लिनिअर प्रोसेस विच बिगिन्स विथ द कल्टिव्हेशन ऑफ केन अँड एन्ड्स विथ बॅग्ड शुगर, ऑलदो वन ऑफ द बाय-प्रॉडक्ट्स इज यूज्ड ॲज फ्युएल विदिन द फॅक्टरी इटसेल्फ." सुरुवात कुठे, शेवट कुठे, आकार सरळ आहे का गोल, आणि एक गोष्ट जी वेगळी आहे, म्हणजे चिपाड परत त्याच कारखान्यात जळतं. सरांनी त्यावर फक्त टिक केली, ते टिक सहजासहजी करत नाहीत.

आता पॅसिव्ह. यूट्यूबवर सगळे सांगतात की प्रोसेस म्हणजे पॅसिव्ह, मग पोरं दिसेल त्या क्रियापदाला "इज" आणि "ईडी" लावत सुटतात आणि "द वॉटर इज इव्हॅपोरेटेड", "क्रिस्टल्स आर ॲपिअर्ड", "द मड इज सेटल्ड डाऊन" असलं काय काय तयार होतं. यातलं पहिलं एकवेळ चालेल, तिसरं खटकतं, दुसरं तर चूकच आहे. सरांची युक्ती साधी होती, प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारायचं की हे कोणी केलं. माणसाने किंवा मशीनने केलं असेल तर पॅसिव्ह, म्हणजे ऊस तोडला जातो, चुना घातला जातो, पोती भरली जातात, "इज कट", "इज ॲडेड", "आर फिल्ड". आपोआप घडलं असेल तर साधं क्रियापद, गाळ तळाला बसतो, पाणी उडून जातं, दाणे तयार होतात, रस पुढे वाहतो, "सेटल्स", "बॉइल्स ऑफ", "फॉर्म", "फ्लोज". आणि तिसरा प्रकार म्हणजे मशीनच वाक्याचा कर्ता होतं, रोलर रस वेगळा करतात, "द रोलर्स सेपरेट द जूस फ्रॉम द फायबर", हे ॲक्टिव्ह आहे आणि एकदम बरोबर आहे. तिन्ही प्रकार मिसळून आले की ग्रामरची रेंज आपोआप दिसते, सगळंच पॅसिव्ह लिहिलं तर परीक्षकाला एकच साचा परत परत दिसतो.

आम्हा नर्सेसचा एक खास प्रॉब्लेम होता. आम्ही दिवसभर नोट्स लिहितो त्या अशा, "इंजेक्शन गिव्हन, व्हायटल्स चेक्ड, पेशंट शिफ्टेड टू वॉर्ड". सगळं पॅसिव्हच आहे पण त्यात "इज", "वॉज" काही नाही, ड्युटीवर वेळच नसतो. त्यामुळे "जूस हीटेड अँड लाइम ॲडेड" असं लिहिलेलं आमच्या डोळ्याला खटकतच नव्हतं. सर म्हणायचे, "सिस्टर, हा केसपेपर नाही, इथं इज पाहिजे." यावर उपाय एकच, शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायची आणि अर्थ न वाचता फक्त "ईडी" शोधत जायचं, प्रत्येकाच्या आधी "इज" किंवा "आर" आहे का बघायचं. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत शब्दांची संख्या स्क्रीनवर दिसते पण स्पेलिंग किंवा ग्रामर कुणी लाल करून दाखवत नाही, हे पण लक्षात ठेवा. "कट"चं "कटेड" आणि "ग्रो"चं "ग्रोड" तिथेच निसटतं.

काळ एकच, साधा वर्तमान, कारण ऊस दर वर्षी असाच गाळला जातो, कुठल्या एका दिवशीची गोष्ट नाही. "बाय" कधी लावायचं? मजूर, ड्रायव्हर, कामगार यांना वाक्यात आणायची गरज नाही, कोणी केलं याने फरक पडत नाही म्हणूनच तर पॅसिव्ह वापरतो आपण. तोडणीला मात्र चित्रात दोन पर्याय मुद्दाम दाखवलेत, म्हणून तिथं "आयदर बाय हँड ऑर बाय मशीन" पाहिजेच, ते गाळलं तर चित्रातली माहिती गाळल्यासारखं होतं.

क्रमदर्शक शब्दांचं माझं आणि माझ्या मैत्रिणीचं भांडण झालं होतं. तिने पाठच केलं होतं, फर्स्टली, सेकंडली, देन, आफ्टर दॅट, नेक्स्ट, सबसिक्वेंटली, फायनली, आणि प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर एकेक बसवायची. मी म्हटलं अगं हे कंटाळवाणं वाटतंय, ती म्हणाली लिंकिंग वर्ड्सचे मार्क असतात. असतात, पण तक्त्यात जोडशब्दांचा अतिवापर हा बँड 5 च्या खुणांमध्ये आहे, आणि अगदी वरच्या बँडला लिहिलंय की जोडणी अशी असावी की तिच्याकडे अगदी क्वचितच लक्ष जावं. म्हणजे क्रम दाखवायचा, पण दर वेळी पाटी लावून नाही.

मग दाखवायचा कसा? वाक्याच्या पोटात. "बिफोर", "अनटिल", "वन्स" हे तीन शब्द आले तरी निम्मं काम होतं. ऊस 12 ते 18 महिने वाढवला जातो, मग तोडला जातो, याची दोन वाक्यं न करता "द केन इज ग्रोन फॉर 12 टू 18 मंथ्स बिफोर इट इज कट". पाक उकळतात, मग दाणे होतात, याचं "इज बॉइल्ड अनटिल क्रिस्टल्स फॉर्म", इथं अनटिलच्या अलीकडे माणसाचं काम आहे आणि पलीकडे आपोआप घडणारं, म्हणून एका बाजूला पॅसिव्ह आणि दुसऱ्या बाजूला साधं, किती सुंदर बसतं बघा. आणि "वन्स"बरोबर "हॅव बीन" घेता येतं, गाळ काढून झाला की, "वन्स दीज हॅव बीन रिमूव्ह्ड". "दीज", "धिस", "विच" हेसुद्धा क्रमच सांगतात, कारण मागच्या वाक्यात जे तयार झालं तेच पुढच्या वाक्यात कच्चा माल म्हणून येतं.

एक सापळा मात्र आहे आणि तो चांगलं इंग्रजी येणाऱ्यांनाच लागतो. "आफ्टर बीइंग क्रश्ड, द जूस इज हीटेड." वाचायला भारी वाटतं. पण चिरडला कोण? ऊस. आणि वाक्य म्हणतंय रस चिरडला गेला. स्वल्पविरामाच्या अलीकडे ज्याच्यावर क्रिया झाली तोच पलीकडे कर्ता पाहिजे, आणि प्रोसेसमध्ये तर प्रत्येक स्टेपला वस्तूच बदलते, उसाचा रस, रसाचा पाक, पाकाची साखर, त्यामुळे ही चूक इथं जितकी होते तितकी ग्राफमध्ये होत नाही. शंका आली तर सरळ "आफ्टर द केन इज क्रश्ड, द जूस इज हीटेड" लिहावं.

आणि फाटाफूट झाली तिथं काय करायचं? तिथं "देन" लावलं की गडबड, कारण चिपाड जळणं आणि रसात चुना पडणं हे एकामागून एक नाही, एकाच वेळी चालतं. मी आधी छोटी फांदी संपवली, चिपाड बॉयलरला नेऊन वाफ इव्हॅपोरेटरला पोचवून तो पॅरा बंद केला, आणि नवीन पॅरा "द जूस, मीनव्हाइल" असा सुरू केला. उलटं केलं असतं, म्हणजे आधी साखर पोत्यात भरली आणि मग चिपाडाकडे वळलो, तर वाचणारा परत डायग्रामच्या मध्यावर येतो आणि "फायनली" लिहून झाल्यावर गोष्ट पुढे चालूच राहते.

शेवटी जे उत्तर सरांना दिलं त्याच्या दोन मुख्य पॅरांपैकी पहिला असा होता. "द केन इज ग्रोन फॉर 12 टू 18 मंथ्स बिफोर इट इज कट, आयदर बाय हँड ऑर बाय मशीन, अँड ट्रान्सपोर्टेड टू द फॅक्टरी. देअर इट पासेस थ्रू अ सेट ऑफ रोलर्स, विच सेपरेट द जूस फ्रॉम द फायबर. द फायबर इज बर्न्ट इन अ बॉयलर, अँड द स्टीम जनरेटेड इज सेंट टू द इव्हॅपोरेटर्स."

आणि दुसरा असा. "द जूस, मीनव्हाइल, इज मिक्स्ड विथ लाइम अँड हीटेड, सो दॅट द इम्प्युरिटीज सेटल ॲट द बॉटम ऑफ द टँक. वन्स दीज हॅव बीन रिमूव्ह्ड, द क्लिअर जूस फ्लोज इंटू द इव्हॅपोरेटर्स, व्हेअर मोस्ट ऑफ द वॉटर बॉइल्स ऑफ अँड अ थिक सिरप रिमेन्स. धिस इज बॉइल्ड अगेन अनटिल क्रिस्टल्स फॉर्म. द मिक्स्चर इज देन स्पन इन अ सेंट्रिफ्यूज, विच सेपरेट्स द क्रिस्टल्स फ्रॉम द मोलॅसिस. फायनली, द शुगर इज ड्राइड अँड पॅक्ड इन बॅग्ज." बघा, "देन" एकदा, "फायनली" एकदा, बाकी पाटी कुठं नाही. आप्पांना मराठीत सांगितलं तर म्हणाले "दाणा धरला ते लिहिलंस, बास."

मॅपबद्दल थोडक्यात, कारण तिथंही पॅसिव्हच चालतं पण क्रमाचं गणित वेगळं आहे. आमच्या सरावाला एका हॉस्पिटलचे दोन नकाशे होते, एक 2000 सालचा आणि एक आत्ताचा. बागेच्या जागी पार्किंग, जुनी ओपीडी पाडून नवीन इमारत, मागच्या बाजूला नर्सेस क्वार्टर्स. इथं "फर्स्ट द गार्डन वॉज रिमूव्ह्ड, देन द ओपीडी वॉज डिमॉलिश्ड" लिहिणारे बरेच निघाले, पण आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे दोन नकाशांवरून कळतच नाही, आपल्याला फक्त आधीची आणि आत्ताची स्थिती दिसते. त्यामुळे क्रमदर्शक शब्द इथं जवळजवळ बाद, त्यांच्या जागी दिशा आणि ठिकाण येतं, प्रवेशद्वाराच्या पश्चिमेला, मुख्य इमारतीच्या मागे, असं. काळही बदलतो, दुसरा नकाशा आत्ताचा असेल तर "हॅज बीन रिप्लेस्ड बाय", दोन्ही साल जुनी असतील तर "वॉज रिप्लेस्ड बाय", आणि पुढचा प्लॅन असेल तर "विल बी रिप्लेस्ड". शिवाय जे बदललं नाही तेही सांगायचं, मुख्य इमारत आणि रस्ता होता तिथंच आहे, सगळे बदल शोधण्याच्या नादात हे राहतं आणि तुलना अर्धीच होते.

परीक्षेत मला प्रोसेसच आली, पण कारखान्याची नाही, बेडकाच्या जीवनचक्राची. माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा बाहेर आल्यावर म्हणाला की त्याने सगळं पॅसिव्हमध्ये बसवलं. मी मात्र पेपरात प्रत्येक बाणावर बोट ठेवून स्वतःला विचारलं होतं कोणी केलं, तर उत्तर आलं कुणीच नाही. अंडी घातली जातात एवढं एक पॅसिव्ह, "एग्ज आर लेड इन वॉटर", त्यानंतर टॅडपोल बाहेर येतात, मागचे पाय आधी फुटतात, मग पुढचे, शेपूट नाहीशी होते, "हॅच", "डेव्हलप", "डिसअपिअर्स", सगळी साधी क्रियापदं. शेवटचं वाक्य "फायनली"ने सुरू करणार होते पण चित्रात शेवटचा बाण परत अंड्यांकडे वळला होता, म्हणून "ॲट विच पॉइंट द सायकल बिगिन्स अगेन" लिहिलं. रायटिंगला 7 आले.